सर, जरा एक विचारायचं होतं

योगाचा वर्ग सुटला की माणसं पाच मिनिटांत पांगतात. कुणाला सातपूरची पहिली शिफ्ट गाठायची असते, कुणाला पोरांना शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायचं असतं. अशा वेळी एखादा पुरुष आपल्या सतरंजीची घडी नको इतकी नीट घालत बसला, की मी ओळखतो, याला काहीतरी विचारायचंय. आधी कंबरदुखी निघते, मग झोप, मग "सर, हल्ली टेन्शन फार आहे." आणि शेवटी जिना उतरता उतरता, माझ्याकडे न बघता, "म्हणजे... आमच्या संबंधांवर पण परिणाम झालाय. त्यासाठी एखादं आसन असतं का?"

नाशिकमध्ये योग शिकवायचा म्हटला की हा प्रश्न चुकत नाही. विश्वास मंडलिकांनी १९७८ साली इथे योग विद्या धाम सुरू केलं, आणि पलीकडे इगतपुरीला विपश्यनेचं धम्मगिरी आहे. त्यामुळे योगाने सगळं बरं होतं, हा विश्वास इथे घरोघरी सापडतो. दुसरीकडे स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर 'मर्दानी कमजोरी, हमखास इलाज' रंगवलेलं असतंच. बिचारा माणूस या दोन्ही आश्वासनांच्या मध्ये उभा असतो. त्याला मी जिन्यातच सांगून टाकतो, की असं आसन नाही. पण तुमचा त्रास खरोखर ताणाचा असेल, तर श्वासाचं काम आहे. ते किती, हे सांगायला मात्र जिना पुरत नाही.

पुष्कळ पुरुषांना माहीत नसतं, की ताठरता ही जोर लावून येत नाही, सैल सोडून येते. लिंगाच्या आतल्या स्पंजासारख्या भागात बारीक स्नायू असतात. एरवी ते आवळलेले असतात आणि म्हणूनच रक्त आत मोजकंच जातं. उत्तेजना आली की कमरेखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या नसा तिथे नायट्रिक ऑक्साइड सोडतात, ते स्नायू सैल पडतात, रक्त भरतं, आणि भरलेल्या भागाच्या दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबून बंद होतात. आता भीती वाटली तर काय होतं? अॅड्रिनलिन आणि त्याचा सख्खा भाऊ नॉरअॅड्रिनलिन तेच स्नायू पुन्हा आवळून टाकतात. घाबरलेल्या शरीराला पळायचं असतं, त्या वेळी त्याला बाकी काही सुचत नाही. म्हणजे ज्या रात्री माणूस 'आज जमलंच पाहिजे' म्हणून कंबर कसतो, त्या रात्री तो आपल्याच हाताने ब्रेक दाबत असतो.

संथ श्वास या ब्रेकवरचा पाय उचलायला मदत करतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, घेताना वाढतात, आणि मिनिटाला सहाच्या आसपास श्वास ठेवले की हा चढउतार सगळ्यात मोठा होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. पण श्वास लिंगाकडे रक्त पाठवत नाही. 'प्राण खाली नेला' वगैरे भाषा वर्गात ऐकायला बरी वाटते, मी ती वापरत नाही. श्वासाने शरीराची घाबरट तयारी उतरते, इतकंच. अडथळा त्या तयारीचाच असेल तर वाट मोकळी होते. अडथळा रक्तवाहिनीत असेल तर कितीही शांत बसा, तो तिथेच राहतो.

गेल्या वर्षी एक जण आला होता. नाव-गाव सोडतो. वय अडतीस, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, सिडकोत दोन खोल्यांचा फ्लॅट, हप्ते चालू, घरात आई आणि सात वर्षांची मुलगी. कंपनीत ऑडिट होतं, त्या आठवड्यात रोज घरी यायला अकरा-बारा व्हायचे. ऑडिट संपल्यावर मित्रांबरोबर दोन पेग झाले, आणि त्या रात्री जमलं नाही. दमलेला, प्यायलेला माणूस, अर्धी रात्र उलटलेली, जमलं असतं तरच नवल. पण त्याने ती गोष्ट डोक्यात ठेवली. पुढच्या वेळी सुरुवातीपासूनच मनात, होईल ना? थोडं झालं, की टिकेल ना? दिवसभर मालाची तपासणी करणारा माणूस रात्री स्वतःची तपासणी करायला लागला, आणि तपासणीत माल रोज नापास. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७० मध्येच हे नीट मांडून ठेवलंय: माणूस आपल्याच शय्येवर प्रेक्षक होऊन बसतो. दोन महिन्यांत याने जवळ जाणंच टाळायला सुरुवात केली. बायको झोपेपर्यंत हॉलमध्ये मोबाइल बघत बसायचा.

मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? एकटे असताना येते का? आणि हे अचानक सुरू झालं की वर्ष-दोन वर्षांत हळूहळू कमी होत गेलं? निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन-चार वेळा आपोआप ताठरता येते, आणि तिथे मनाची परीक्षा नसते. पहाटेची नीट असेल तर नळजोडणी शाबूत आहे असं समजायला जागा आहे. त्याचं उत्तर होतं: पहाटे असते, एकटा असताना येते, आणि एका ठरावीक रात्रीपासून बिघडलं. ताणाचं चित्र असंच दिसतं.

तरीही मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं, आणि हे मी प्रत्येकाला करतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. त्यामुळे वाहिन्यांचा आजार कधी कधी आधी इथे कळतो आणि छातीत काही वर्षांनी. शिवाय मधुमेह आहे, बीपीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांचा परिणाम आहे, टेस्टोस्टेरॉन कमी असणं आहे. त्याचं बीपी, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी, रक्तातली चरबी आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासलं. बीपी जरा काठावर, बाकी ठीक. डॉक्टरांनी ताठरतेसाठी सिल्डेनाफिलच्या थोड्या गोळ्याही लिहून दिल्या. तो मला म्हणाला, "गोळी घेतली तर योगाचं पुण्य जाईल का, सर?" मी म्हटलं, पुण्याचं मला माहीत नाही, गोळी घ्या. दोन-चार रात्री चांगल्या गेल्या की भीतीची साखळी तुटते. एवढं मात्र लक्षात ठेवायचं, की गोळी उत्तेजना आणत नाही, आलेलीला धरून ठेवते, म्हणून फार घाबरलेल्या माणसाला तीही कधी दगा देते. आणि हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने तिला हात लावायचा नाही, बीपी धोकादायक इतकं घसरतं. 'निव्वळ आयुर्वेदिक' म्हणून टपरीवर मिळणाऱ्या पुड्यांतही हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडतं, म्हणून त्या तर नकोच.

मग श्वास. पहिल्या दिवशी त्याला पाठीवर झोपवलं, एक हात छातीवर, एक बेंबीवर. म्हटलं, फक्त घ्या आणि सोडा. खांदे कानाला लागतील इतक्या जोराने त्याने श्वास ओढला, पोट तसंच दगडासारखं. दोन मिनिटांत म्हणाला, "सर, बोटांना मुंग्या येतायत, गरगरतंय." दीर्घश्वसन म्हणजे मोठा श्वास, असं बहुतेकांना वाटतं. तो संथ हवा, मोठा नव्हे. भसाभस हवा ओढली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या, गरगर सुरू होते. शेजारी बसलेल्याला ऐकू जाणार नाही इतका हलका, नाकाने, मनातल्या मनात चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास झाला, मिनिटाला सहा. रोखायचा नाही. सकाळी दहा मिनिटं, आणि कामावरून आल्यावर, बूट काढल्यावर, कुणाशी बोलायच्या आधी दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत बघत चाललंय. घड्याळ काढायला लावलं. तपासणीची सवय इतक्या सहज जात नाही.

रात्री झोपण्याआधी भ्रामरीची पाच-सात आवर्तनं आणि शवासन. भ्रामरीत गुणगुणायचं असल्यामुळे श्वास सोडणं आपोआप लांबतं, मोजावं लागत नाही. आसनं मी थोडीच दिली, पवनमुक्तासन, सेतुबंध, बद्धकोनासन आणि भिंतीला पाय लावून पडणं. यातलं एकही ताठरतेचं औषध नाही. दिवसभर खुर्चीवर आखडलेली कंबर आणि मांड्या मोकळ्या करायला म्हणून.

त्याची एक सवय मात्र बंद केली. कुठलासा व्हिडिओ बघून तो रात्री झोपण्याआधी 'शक्तीसाठी' कपालभातीचे शेकड्यांनी झटके मारायचा. कपालभाती अंगाला जागं करते, ठोके वाढवते. सकाळी करा, बीपी काठावर असेल तर जपून करा, पण शांत होण्यासाठी रात्री ती करणं म्हणजे उलटी गंगा.

त्याच व्हिडिओत मूलबंधही होता, म्हणजे गुदद्वाराजवळचे स्नायू वर आवळून धरणं. त्याबद्दल थोडं थांबतो, कारण त्यात तथ्य आहे. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू ताठरता टिकवायला हातभार लावतात. इंग्लंडमध्ये ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांना हे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम शिकवले, आणि सहा महिन्यांनी त्यातल्या ४० टक्क्यांची ताठरता पूर्ववत झाली, ३५ टक्क्यांना सुधारणा दिसली, बाकीच्यांना काहीच नाही. पण ते व्यायाम फिजिओथेरपिस्टने पारखून शिकवले होते. ताणात असलेला माणूस बहुधा हे स्नायू आधीच दिवसभर आवळून बसलेला असतो, जबडा आवळतो तसाच. त्याला आणखी आवळायला सांगून काय मिळणार? कळायची खूण सोपी आहे. शांत पडून पोटात श्वास घेतला, की गुदद्वाराजवळचा भाग किंचित खाली सैल पडल्यासारखा वाटला पाहिजे आणि सोडताना परत वर. याला पहिले दहा-बारा दिवस तिथे काही हलतंय असं जाणवतच नव्हतं. म्हणून आधी सोडणं शिकवलं, आवळणं पुष्कळ नंतर.

ध्यानाचं म्हणाल तर मी त्याला डोळे मिटून ज्योत वगैरे पाहायला सांगितलं नाही. सकाळच्या थंड फरशीवर तळवे टेकवून बसायचं आणि तळव्यांना काय जाणवतंय तेवढंच बघायचं. मन ऑडिटकडे गेलं, की गेलं हे ओळखायचं, वाद न घालता परत तळव्यांवर यायचं. इतकं कंटाळवाणं काम मुद्दाम निवडलं. रात्री 'टिकतंय का' हा विचार येणारच, तो येऊ नये असा कुणाकडेच उपाय नाही. तो आला हे कळणं आणि लक्ष परत स्पर्शावर आणणं, एवढंच शिकता येतं, आणि ते अंथरुणात पहिल्यांदा शिकता येत नाही. धम्मगिरीला दहा दिवस जाऊन येऊ का, असंही त्याने विचारलं. जावंसं वाटलं तर जरूर जा, पण उपचार म्हणून नको. तिथे रोज दहाएक तास बसायचं असतं, मौन असतं, ब्रह्मचर्य असतं. घरी बायकोशी न बोलता दहा दिवस गप्प राहायला जाणं म्हणजे त्याच्या बाबतीत पळवाटच होती.

कारण खरी गाठ तिथेच होती. बायकोला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. "कसं सांगू, सर?" मी म्हटलं, समोरासमोर बसून नका सांगू, गाडीत सांगा, दोघांचे डोळे रस्त्यावर असतात. एका रविवारी मुलीला आजीकडे ठेवून दोघं गंगापूर धरणाच्या बाजूला गेले आणि त्याने सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं, मी जाड झाले म्हणून." दोन महिने ती बाई आरशासमोर स्वतःला दोष देत होती आणि हा हॉलमध्ये बसून स्वतःला.

मग डॉक्टरांनी त्यांना मास्टर्स-जॉन्सनचीच पद्धत सांगितली. तीन आठवडे संभोग बंद, ताठरता आली तरी बंद. आळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटं नुसता स्पर्श करायचा, सुरुवातीला जननेंद्रियं आणि स्तन सोडून. परीक्षाच रद्द केली की नापास व्हायची भीती उरत नाही, हा त्यातला हिशेब. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन खोल्यांच्या घरात आई आणि मुलगी असताना अर्धा तास आणायचा कुठून? आजी रविवारी दुपारी भजनाला जातात आणि नातीला बरोबर नेतात, हे वहिनींनीच शोधून काढलं.

मधे एकदा तो रडकुंडीला येऊन आला. काहीच उपयोग नाही म्हणाला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, अंथरुणातही साहेब चार-सहा, चार-सहा मोजत होते आणि प्रत्येक श्वासागणिक खाली काय फरक पडला ते बघत होते. श्वासाचा असा वापर केला की श्वासच नवा परीक्षक होतो. त्याला म्हटलं, मोजणं सकाळ-संध्याकाळचं. तिथे गेल्यावर फार तर एक लांब उसासा सोडा आणि श्वास विसरा.

सुधारणा कशी झाली तेही सांगतो, कारण लोक इथेच फसतात. पहिल्या पंधरवड्यात ताठरतेत फरक शून्य. झोप तेवढी सुधारली, घरात चिडचिड कमी झाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्पर्शाच्या वेळी ताठरता येऊन गेली, थोड्या वेळाने परत आली. ती गेली म्हणजे खेळ संपला असं नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा अनुभवाने कळलं, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपात हेच सर्वांत मोलाचं. नंतर एक-दोनदा गोळी घेऊन, मग गोळीविना. दिवाळीत सासुरवाडीला पुन्हा फसलं. पण या वेळी तो कूस बदलून झोपला आणि पुढच्या आठवड्यात ठीक होता. पूर्वी असती तर तीच रात्र दोन महिने पुरली असती. डॉक्टरांकडे पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पंचवीस गुणांची. बावीस किंवा वर म्हणजे त्रास नाही. सुरुवातीला त्याचे अकरा होते, तीन महिन्यांनी एकोणीस. म्हणजे कागदावर तो अजून 'सौम्य त्रास' या रांगेतच बसतो. घरी मात्र दोघंही समाधानी आहेत.

आता कुणी म्हणेल, यात श्वासाचा वाटा किती? गोळी होती, बायकोशी बोलणं होतं, स्पर्शाची पद्धत होती. श्वासाचा वाटा मी वेगळा काढून दाखवू शकत नाही, आणि अभ्यासही फार पुढे गेलेले नाहीत. भारतात योग शिबिराला आलेल्या ६५ पुरुषांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी त्यांच्या लैंगिक समाधानाचे गुण वाढले होते. पण योग न करणारा तुलनेचा गटच त्यात नव्हता, आणि शिबिराला हौसेने आलेला माणूस तसाही बरं वाटल्याचंच सांगतो. ग्रीसमधल्या २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात ३१ पुरुष होते. काहींना टाडालाफिल ही सिल्डेनाफिलसारखीच गोळी, काहींना गोळी आणि जोडीला आठ आठवडे पोटाने श्वास व अंग सैल सोडण्याचा सराव. ताठरता दोन्ही गटांत सुधारली. सराव करणाऱ्यांचा ताण मात्र जास्त उतरला. माझ्या वर्गातला अनुभव याच्याशी जुळतो. संथ श्वासाने भीती कमी होते, झोप लागते, एखादी वाईट रात्र डोक्यात घर करत नाही. ताठरता त्यामागून येते, कधी पूर्ण, कधी अर्धी, आणि तिला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. इतक्या दिवसांत काहीच हललं नाही, किंवा पहाटेचीही बंद झाली, तर सतरंजी गुंडाळून पुन्हा डॉक्टरांकडे.

याच जिन्यात परवा आणखी एकाने विचारलं. वय छप्पन्न, पंधरा वर्षांचा मधुमेह, पहाटेची ताठरता गेली त्याला दोन वर्षं झाली, तीही हळूहळू. त्यांना मी श्वासाचं काहीच आश्वासन दिलं नाही. साखर, हृदय आणि यूरॉलॉजिस्ट, या क्रमाने जा म्हटलं. ते जरा खट्टू झाले. "मग मी अनुलोम-विलोम सोडून देऊ का?" म्हणाले. म्हटलं, "नाही हो, झोप येते ना त्याने? मग झोपेसाठी करा."